डाळ पाण्यासारखी, तक्रार नेमकी कशाची?

वसतिगृहात सत्र संपताना अभिप्रायाचा फॉर्म भरून घेतात. त्यात चार-पाच प्रश्नांना तारे द्यायचे असतात आणि शेवटी एक मोकळी चौकट असते: ‘आणखी काही सांगायचं असल्यास’. ताऱ्यांची सरासरी काढायला मिनिटभर पुरतं. खरं काम त्या चौकटीत असतं. मुलं तिथे मराठीत लिहितात, इंग्रजीत लिहितात, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात. कुणी एक शब्द टाकतो, कुणी पाच विषय एका दमात सांगतो. पन्नास अभिप्राय असतील तर सरळ बसून वाचावेत, त्यासाठी कुठल्याही फॉर्म्युल्याची गरज नाही. पण आकडा सातशे-आठशेवर गेला आणि दर सत्राला तेच करायचं असलं, की जेवणाबद्दल किती जण बोलले, पाण्याबद्दल किती, याची वर्गवारी हाताने होत नाही. झाली तरी दोन माणसांची सारखी होत नाही.

एक्सेलमध्ये यासाठी जुनी आणि सोपी सोय आहे. `SEARCH` आणि `ISNUMBER` ही दोन फंक्शन आणि आपण तयार केलेली शब्दांची यादी, एवढ्यावर ती चालते. फॉर्म्युला दहा मिनिटांत जमतो. यादी मात्र विचार करून बनवावी लागते, आणि मराठीसाठी बनवताना तर इंग्रजीतले ठोकताळे बरेचसे बाजूला ठेवावे लागतात.

आधी यंत्रणा पाहू. A2 या सेलमध्ये असा अभिप्राय आहे असं धरा: ‘सकाळी पाण्याचा दाब खूप कमी असतो’. शेजारी लिहा:

```
=SEARCH("पाण", A2)
```

उत्तर येतं `7`. म्हणजे ‘पाण’ ही अक्षरं सातव्या जागेपासून सुरू होतात. मोजून पाहिलं तर ‘सकाळी’ हा शब्द आपल्याला तीन अक्षरी वाटतो, पण एक्सेल काना आणि वेलांटी वेगळी मोजतं, म्हणून त्याची पाच अक्षरं आणि नंतरची मोकळी जागा धरून सहा. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचा उपयोग आहे. ‘पाण’ सापडलंच नसतं तर उत्तराच्या जागी `#VALUE!` अशी चूक दिसली असती. आपल्याला जागा किती नंबरची हे नको आहे, शब्द आहे की नाही एवढंच हवं आहे. म्हणून बाहेरून `ISNUMBER` गुंडाळायचं. आत आकडा आला तर ते `TRUE` म्हणतं, चूक आली तर `FALSE`.

```
=ISNUMBER(SEARCH("पाण", A2))
```

`FIND` नावाचं जवळपास असंच दुसरं फंक्शन आहे, पण ते इंग्रजीतलं लहान-मोठं अक्षर वेगळं धरतं. कुणी ‘WiFi’ लिहितो, कुणी ‘wifi’, कुणी ‘WIFI’. `SEARCH` ला हे तिन्ही सारखेच, म्हणून इथे तेच वापरायचं.

आता एका शब्दाऐवजी यादी घेऊ. F कॉलममध्ये कीवर्ड आणि G कॉलममध्ये त्या कीवर्डचा वर्ग लिहायचा. ‘डाळ’ समोर ‘जेवण’, ‘भाजी’ समोर ‘जेवण’, ‘पाण’ समोर ‘पाणी’, ‘संडास’ समोर ‘स्वच्छता’, ‘wifi’ समोर ‘इंटरनेट’, ‘वॉर्डन’ समोर ‘वागणूक’. ही यादी दुसऱ्या ते सोळाव्या ओळीपर्यंत भरली असेल, तर:

```
=IFERROR(INDEX($G$2:$G$16, MATCH(TRUE, ISNUMBER(SEARCH($F$2:$F$16, A2)), 0)), "इतर")
```

हा फॉर्म्युला आतून बाहेर वाचायचा. `SEARCH` यादीतला प्रत्येक कीवर्ड A2 मध्ये शोधून पाहतं. `ISNUMBER` त्या पंधरा निकालांची `TRUE`-`FALSE` अशी रांग लावतं. `MATCH` त्या रांगेतला पहिला `TRUE` कितवा आहे ते सांगतं आणि `INDEX` त्या क्रमांकाचा वर्ग उचलून देतं. काहीच सापडलं नाही तर `IFERROR` मुळे ‘इतर’. एक्सेल ३६५ किंवा २०२१ असेल तर नुसतं एंटर पुरतं. २०१९ किंवा त्याआधीच्या आवृत्तीत कंट्रोल, शिफ्ट आणि एंटर एकत्र दाबावं लागतं. ते विसरलात तर चूक दिसत नाही, फक्त बहुतेक ओळींत ‘इतर’ येत राहतं. गूगल शीट्समध्ये सगळा फॉर्म्युला `ARRAYFORMULA` च्या कंसात घालावा.

इथवर बहुतेकांचं जमतं. यानंतर काय होतं ते पाहण्यासाठी आणखी तीन अभिप्राय घेऊ.

पहिला: ‘Hostel is good but wifi very slow’. यादीत इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिणाऱ्यांसाठी कुणीतरी ‘tel’ घातलेलं आहे, कारण भाजीत तेल फार असतं अशी मुलांची कायमची तक्रार. फॉर्म्युला या इंटरनेटच्या तक्रारीला ‘जेवण’ म्हणतो. कारण ‘Hostel’ या शब्दाच्या पोटातच ‘tel’ आहे, चौथ्या अक्षरापासून. `SEARCH` ला शब्द कळत नाहीत, त्याला फक्त अक्षरांची ओळ दिसते. वसतिगृहाच्या अभिप्रायात ‘hostel’ हा शब्द जागोजाग असणार, म्हणजे जेवणाचा आकडा उगाचच फुगणार. देवनागरीतही हेच होतं. वासाच्या तक्रारींसाठी ‘वास’ ठेवला की ‘प्रवास’, ‘निवास’, ‘विश्वास’ हे सगळे त्यात येऊन पडतात.

इंग्रजीत यावर ठरलेला उपाय आहे: कीवर्डच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा जोडायची, म्हणजे पूर्ण शब्दच जुळतो. मराठीत तो उपाय केला तर यादी जवळजवळ निकामी होते. आपल्याकडे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात. ‘पाणी’ हा शब्द सुटा फार कमी वेळा येतो. बहुतेक वेळा ‘पाण्याचा’, ‘पाण्यात’, ‘पाण्यामुळे’, ‘पाणीच’ असं काहीतरी असतं. पण हे सगळं चिकटतं ते शब्दाच्या शेवटी. सुरुवात बहुधा शाबूत राहते. म्हणून मराठीसाठी मोकळी जागा फक्त पुढच्या बाजूला जोडायची आणि मागची बाजू उघडी ठेवायची. म्हणजे ‘शब्दाची सुरुवात या अक्षरांनी होते का’ एवढंच आपण विचारतो. ‘Hostel’ मधला ‘tel’ गळतो, ‘प्रवास’ मधला ‘वास’ गळतो, आणि ‘तेलाचा’, ‘तेलकट’ मात्र ‘तेल’ या कीवर्डला सापडतात.

यासाठी अभिप्रायाच्याही सुरुवातीला मोकळी जागा हवी, नाहीतर पहिला शब्द कधीच जुळणार नाही. शिवाय लोक ‘जेवण,पाणी’ असं स्वल्पविरामानंतर जागा न सोडता लिहितात, किंवा नवी ओळ सुरू करतात. म्हणून B कॉलममध्ये अभिप्रायाची स्वच्छ केलेली प्रत ठेवावी:

```
=" "&SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(A2,","," "),"."," "),CHAR(10)," ")&" "
```

`CHAR(10)` म्हणजे सेलमधली नवी ओळ. प्रश्नचिन्ह, तिरकी रेघ किंवा कंस बरेच येत असतील तर त्यांच्यासाठीही एकेक `SUBSTITUTE` वाढवावं. आता मूळ फॉर्म्युल्यात `SEARCH` चा भाग बदलायचा:

```
SEARCH(" "&$F$2:$F$16, B2)
```

दुसरा अभिप्राय: ‘वॉर्डनने सगळ्यांसमोर पाणउतारा केला’. ही तक्रार गंभीर आहे आणि आपला फॉर्म्युला तिला पाण्याच्या टाकीकडे पाठवू शकतो, कारण ‘पाणउतारा’ ची सुरुवात ‘पाण’ नेच होते. यादीत ‘वॉर्डन’ हा कीवर्ड ‘पाण’ च्या वर असेल तर ती वाचते, खाली असेल तर वाचत नाही, आणि वॉर्डनचं नाव न घेता लिहिलेलं असेल तर वाचायचा प्रश्नच येत नाही. उपाय असा की ‘पाण’ इतका आखूड कीवर्ड न ठेवता ‘पाणी’ आणि ‘पाण्य’ असे दोन ठेवायचे. ‘पाण्याचा’, ‘पाण्यात’ हे सगळे ‘पाण्य’ मध्ये येतात, ‘पाणीच’ हे ‘पाणी’ मध्ये, आणि ‘पाणउतारा’ दोन्हींतून सुटतो. त्याच्यासाठी ‘पाणउतार’ असा वेगळा कीवर्ड ‘वागणूक’ वर्गात घालावा.

मराठी यादी बनवण्याची खरी पद्धत यातच आहे. शब्द कोशातल्या रूपात लिहायचा नाही. त्याचं सामान्यरूप मनात म्हणायचं, दोन्ही रूपांत सारखा राहणारा भाग शोधायचा, आणि तो भाग इतका आखूड होत असेल की भलतेच शब्द आत येतील, तर दोन्ही रूपं वेगवेगळी घालायची. ‘पोळी’ चं ‘पोळ्या’ होतं, सामाईक भाग ‘पोळ’. ‘ढेकूण’ चं अनेकवचन ‘ढेकणं’, कुणी ‘ढेकुण’ असंही लिहितं. सामाईक भाग ‘ढेक’. त्यात ‘ढेकर’ येऊ शकतो, पण वसतिगृहाच्या तक्रारींत तो फारसा दिसत नाही, म्हणून ‘ढेक’ चालेल. प्रत्येक वेळी हा हिशेब त्या-त्या मजकुराकडे बघूनच करावा लागतो. इंग्रजी शब्दांचं उलट आहे. ‘fan’ ला शेवट उघडा ठेवला तर ‘fantastic’ हा कौतुकाचा शब्द पंख्याच्या तक्रारीत मोजला जातो, आणि ‘mess’ मध्ये ‘message’ येतो. अशा कीवर्डच्या शेवटी यादीतच एक मोकळी जागा टाकावी. B कॉलममध्ये शेवटी जागा जोडली आहे ती याचसाठी.

तिसरा अभिप्राय: ‘डाळ पाण्यासारखी, भाजीत तेलाचा तवंग’. इथे ‘डाळ’ ही जुळते आणि ‘पाण्य’ ही जुळतो. माणूस वाचेल तर क्षणात म्हणेल, ही तक्रार जेवणाची. `MATCH` पहिला `TRUE` घेतं, म्हणजे यादीत जो कीवर्ड वर, त्याचा वर्ग. यादीचा क्रम हा असा निवाडा करत असतो, आणि तो आपण जाणीवपूर्वक लावला नाही तर तो योगायोगाने लागतो. कीवर्ड सुचतील तसे लिहिले किंवा कुणी हौसेने अकारविल्हे लावून टाकले, तर निकाल बदलतात आणि का बदलले ते कुणाला कळत नाही. नियम म्हणून नेमके शब्द वर ठेवावेत आणि अनेक अर्थांनी येणारे खाली. ‘डाळ’ म्हटलं की डाळच. ‘पाणी’ मात्र डाळीत, दुधात, डोळ्यांत कुठेही असू शकतं.

पण क्रमाने सगळे प्रश्न सुटत नाहीत. ‘पाणी येत नाही आणि मेसमधली भाजीही कच्ची’ या वाक्यात दोन खऱ्या तक्रारी आहेत. एकच वर्ग द्यायचा ठरवलं तर त्यांतली एक हरवते, आणि दरवेळी खालच्या वर्गातलीच हरवते. माझ्या मते मोकळ्या चौकटीच्या मजकुराला एकच वर्ग देणं ही या कामातली सर्वांत महागात पडणारी सवय आहे. त्याऐवजी प्रत्येक वर्गाला स्वतःचा कॉलम द्यावा. J1 मध्ये ‘जेवण’, K1 मध्ये ‘पाणी’ अशी शीर्षकं लिहून J2 मध्ये:

```
=--(SUMPRODUCT(ISNUMBER(SEARCH(" "&$F$2:$F$16, $B2))*($G$2:$G$16=J$1))>0)
```

त्या वर्गातला एक जरी कीवर्ड सापडला तरी `1`, नाहीतर `0`. फॉर्म्युला उजवीकडे आणि खाली ओढला की झालं. `SUMPRODUCT` जुन्या एक्सेलमध्येही साध्या एंटरवर चालतं. खाली बेरीज केली की प्रत्येक विषयावर किती जण बोलले ते कळतं. या बेरजा एकत्र केल्या तर एकूण अभिप्रायांपेक्षा जास्त भरतील, कारण एक माणूस दोन विषयांवर बोललेला असतो. म्हणून यांचा वर्तुळाकार आलेख काढू नये, आडव्या पट्ट्यांचा काढावा.

आता चुका कशा ओळखायच्या ते. सर्वांत फसवी चूक रिकाम्या सेलची आहे. पुढे कीवर्ड वाढतील म्हणून काही जण फॉर्म्युल्यात आधीच `$F$2:$F$60` असं लिहून ठेवतात. रिकाम्या सेलमध्ये शोधायला काहीच नसतं, आणि ‘काहीच नाही’ हे `SEARCH` ला प्रत्येक मजकुराच्या पहिल्याच जागी सापडतं. मग कुठल्याच कीवर्डशी न जुळणारा अभिप्राय त्या रिकाम्या ओळीशी जुळतो. ओळखण्याची खूण सोपी आहे: ‘इतर’ एकाएकी नाहीसं होतं आणि त्याच्या जागी `0` दिसू लागतो. यादी निवडून कंट्रोल आणि T दाबून तिचा टेबल करावा आणि फॉर्म्युल्यात टेबलच्या कॉलमचा संदर्भ द्यावा. नवी ओळ घातली की टेबल आपोआप वाढतो आणि रिकामी जागा राहत नाही.

दुसरी चूक फक्त देवनागरीत येते आणि ती डोळ्यांनी पकडताच येत नाही. ‘कॉट’ हा शब्द एका कीबोर्डवर क, ॉ, ट असा टाइप होतो. दुसऱ्यावर कुणी आधी काना देतो आणि मग त्यावर अर्धचंद्र. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण `LEN` लावून पाहिलं तर पहिल्याची लांबी `3` आणि दुसऱ्याची `4`. काना-मात्रा वेगळी मोजली जाते असं सुरुवातीला म्हटलं, त्याचा उपयोग इथे. ‘ऱ्या’ चंही तसंच. एक पद्धत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरते, दुसरी साध्या ‘र’ नंतर एक अदृश्य जोडचिन्ह टाकते, त्यामुळे ‘ऱ्या’ ची लांबी कुठे `4` तर कुठे `5`. म्हणून ‘कर्मचारी’ साठी कीवर्ड ‘कर्मचा’ इथेच थांबवावा, म्हणजे पुढचा ‘र’ कुठलाही असो, फरक पडत नाही. काना आणि अर्धचंद्राची जोडी मात्र स्वच्छ प्रतीतच एकसारखी करून घ्यावी. त्यासाठी B कॉलमच्या फॉर्म्युल्यात A2 च्या जागी हे बसवायचं, सुरुवातीचं `=` सोडून:

```
=SUBSTITUTE(A2, UNICHAR(2366)&UNICHAR(2373), UNICHAR(2377))
```

कीवर्डच्या यादीवरही हेच एकदा करून घ्यावं. एखादा कीवर्ड डोळ्यांना दिसतोय पण फॉर्म्युला नाही म्हणतोय असं झालं, तर तो शब्द अभिप्रायातूनच कॉपी करून यादीत चिकटवून पाहावा. मग जुळला तर दोष टाइप करण्याच्या पद्धतीत आहे हे नक्की.

उरलेल्या चुका दोन जातींच्या असतात आणि त्या सारख्या नाहीत. जे अभिप्राय कुठेच बसले नाहीत ते ‘इतर’ मध्ये एकत्र जमतात. ती रास वाचली की कुठले शब्द राहिले ते कळतं. कुणी ‘नळ कोरडे’ लिहिलेलं असतं आणि यादीत ‘नळ’ नसतो. तो घालायचा, पुन्हा ‘इतर’ वाचायचं. राहिलेल्या ओळी ‘बाकी ठीक’, ‘धन्यवाद’ अशाच उरल्या की थांबावं. पण चुकीच्या वर्गात गेलेले अभिप्राय असे समोर येत नाहीत. ते त्या वर्गाच्या आकड्यात मिसळून गेलेले असतात. त्यांना बाहेर काढण्यासाठी मी एक कॉलम नेहमी जास्तीचा ठेवतो: एक वर्ग देणाऱ्या फॉर्म्युल्यात `INDEX` च्या पुढे `$G$2:$G$16` ऐवजी `$F$2:$F$16` लिहायचं. मग वर्गाऐवजी नेमका कुठला कीवर्ड जुळला तो दिसतो. त्यावर फिल्टर लावून प्रत्येक कीवर्डचे सात-आठ अभिप्राय वाचावेत. ‘Hostel is good’ समोर ‘tel’ दिसला की काय झालं ते सांगावं लागत नाही. एखाद्या कीवर्डचे निम्मे अभिप्राय भलतेच निघाले, तर तो लांब करावा किंवा काढून टाकावा.

एवढं करूनही फॉर्म्युला फक्त विषय सांगतो, मत सांगत नाही. ‘पाण्याची काहीच अडचण नाही’ आणि ‘पाण्याची फार अडचण आहे’ हे दोन्ही ‘पाणी’ मध्ये जमा होतात. ‘स्वच्छ’ असा कीवर्ड ठेवला तर कौतुक आणि ‘स्वच्छ नसतं’ ही तक्रार दोन्ही येतात. शब्दाची सुरुवात बघत असल्यामुळे ‘अस्वच्छ’ मात्र सुटतो, तो वेगळा घालावा लागतो. ‘नाही’ हा शब्द शोधून हे सोडवायचा मोह होतो, पण ‘पाणी येत नाही’ ही तक्रार आहे आणि ‘तक्रार नाही’ ही तक्रार नाही, त्यामुळे तो मार्ग लवकरच बंद होतो. म्हणून तक्त्याचं शीर्षक ‘तक्रारी’ असं न देता ‘कोणत्या विषयाचा उल्लेख किती अभिप्रायांत’ असं द्यावं. ज्या वर्गाचा आकडा मोठा असेल त्यातले अभिप्राय समितीतल्या कुणीतरी प्रत्यक्ष वाचून नाराजीचे किती ते सांगावं. वर्गवारी झालेली असल्यामुळे आता ते वाचन आवाक्यातलं असतं.

शेवटची काळजी दोन सत्रांची तुलना करताना घ्यायची. ऑक्टोबरच्या अभिप्रायांसाठी यादी केली आणि एप्रिलमध्ये तिच्यात ‘नळ’, ‘टाकी’, ‘pani’ वाढवले, तर एप्रिलमध्ये पाण्याचा आकडा चढलेला दिसेल. तो चढ पाण्याचा असेल किंवा नुसता यादीचा. जुने अभिप्राय त्याच वर्कबुकमध्ये ठेवावेत, म्हणजे यादी बदलली की ऑक्टोबरचे आकडेही नव्या यादीने पुन्हा मोजले जातात, आणि प्राचार्यांपुढे ठेवायच्या तक्त्यात दोन्ही सत्रं एकाच मापाने येतात. यादीत प्रत्येक कीवर्डसमोर तो कधी घातला ती तारीख लिहिण्यासाठी एक कॉलम ठेवावा. पुढच्या वर्षी हे काम दुसऱ्या कुणाकडे गेलं, तर त्याला सर्वांत आधी तोच कॉलम लागेल.